मार्चएंड 2026ची यादी: नफा 12 लाखांच्या काठावर असेल तर

ए-301: बी-402 ताई, वेळ मिळेल तेव्हा सांगा. गणवेश शिवून विकायचा धंदा, एकट्याच्या नावावर, उलाढाल 3 कोटी 40 लाख. नफा 11 लाख 80 हजार बसतोय. 12 लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणतात, मग मार्चमध्ये वेगळं काही करायचं उरतं का?

बी-402: उरतं ना दादा. काठावरच्या माणसालाच जास्त बघावं लागतं. पहिलं म्हणजे ते 12 लाख धंद्याच्या नफ्याचे नाहीत, एकूण उत्पन्नाचे आहेत. एफडीचं व्याज, दुकानाच्या वरच्या खोलीचं भाडं, सगळं त्यात येतं. समजा एफडीचं व्याज 35 हजार आहे. झाले 12 लाख 15 हजार.

सी-704: आणि ही सूट नव्या पद्धतीत, तीही फक्त निवासी व्यक्तीला. भागीदारी फर्म असेल तर पहिल्या रुपयापासून 30 टक्के. एचयूएफला, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबालाही ही सूट नाही.

ए-301: 15 हजारांनी वर गेलो तर किती बसेल?

बी-402: स्लॅबने 62,250 येतात, पण 12 लाखांच्या वर जितकी कमाई तितकाच टॅक्स, अशी सवलत आहे. म्हणून 15,000 आणि त्यावर 4 टक्के सेस, 15,600. ही सवलत साधारण 12 लाख 70 हजारांपर्यंतच कामाची. पुढे पूर्ण स्लॅब लागतो.

डी-105: मग एक शिलाई मशीन घेऊन टाका मार्चमध्ये, खर्च दाखवता येतो 😄

सी-704: काका, 80 हजारांच्या मशीनवर घसारा 15 टक्के. वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर निम्मा. म्हणजे मिळाले 6,000, खिशातून गेले 80,000. शिवाय 31 मार्चपर्यंत मशीन प्रत्यक्ष चालू झालेलं हवं, खोक्यात बंद ठेवलेलं चालत नाही. गरज असेल तर जरूर घ्या, टॅक्ससाठी नको. आणि कोणाला एका दिवसात 10 हजारांच्या वर रोख दिलेत तर तेवढी रक्कम किमतीतच धरत नाहीत.

बी-402: गणवेशाच्या धंद्यात त्यापेक्षा मोठी गोष्ट गोदामात असते. शाळेने डिझाइन बदललं की जुना माल पडून राहतो, आणि वहीत तो खरेदीच्या भावानेच चढत राहतो. शिल्लक माल आपल्याला पडलेली किंमत किंवा विकून येणारी रक्कम, यातलं जे कमी त्याने धरायचा असतो. समजा जुन्या डिझाइनचे 140 सेट आहेत, प्रत्येकी 320 रुपयांना पडलेले, म्हणजे 44,800. घाऊकवाला 90 रुपयांना उचलेल, म्हणजे 12,600. फरक 32,200 आणि तो नफ्यातून जातो. उत्पन्न आलं 11 लाख 82,800 वर. रीतसर 12 लाखांच्या आत.

ए-301: हे नुसतं सीएला सांगून होईल?

बी-402: नाही. 31 मार्चला मोजणी करा. शाळा, डिझाइन, साइज, नग अशी यादी, प्रत्येक गठ्ठ्याचा फोटो, शाळेचं डिझाइन बदलल्याचं पत्र, आणि घाऊकवाल्याने दिलेला भाव व्हॉट्सॲपवर का होईना पण लेखी. नुसता "माल जुना झाला" असा शेरा टिकत नाही. आणि चालू डिझाइनचा माल त्यात घुसवू नका. पुढच्या जूनमध्ये तोच पूर्ण भावाने विकलेला दिसतो.

डी-105: म्हणजे आता झालं, टॅक्स शून्य.

बी-402: थांबा काका, खरा खड्डा पुढे आहे. थकलेली बिलं. कलम 43बी(एच). सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च यंदा मिळत नाही, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. लेखी करार नसेल तर मुदत 15 दिवस. करार असेल तर त्यात ठरलेले दिवस, पण जास्तीत जास्त 45. करारात 60 लिहिले तरी 45च.

ए-301: दिवस बिलाच्या तारखेपासून?

बी-402: माल किंवा काम ताब्यात आलं त्या दिवसापासून. म्हणून चलनावर पोचेची तारीख आणि सही हवी. तुमच्यासारखी तीन बिलं घेऊ. कापड व्यापाऱ्याचे 2 लाख 10 हजार थकलेत. त्याच्याकडे उद्यम नंबर, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी असली तरी तो निव्वळ व्यापारी आहे, ही मुदत त्याला लागत नाही. शिलाईचं जॉबवर्क 60 हजार, माल 25 फेब्रुवारीला आला, करार नाही. मुदत 12 मार्चला संपते. खिशावर लोगोचं भरतकाम 40 हजार, माल 22 मार्चला आला. मुदत 6 एप्रिल.

ए-301: 12 मार्च हुकला तर 60 हजार गेलेच?

सी-704: नाही. 31 मार्चच्या आत दिलेत तर खर्च याच वर्षी मिळतो, फक्त उशिराचं व्याज मागायचा त्याला हक्क आहे. भरतकामवाल्याला 6 एप्रिलपर्यंत दिलेत तरी खर्च यंदाचाच. पण 10 एप्रिलला दिलेत तर तो पुढच्या वर्षात गेला. इथे बरेच जण फसतात, कारण जीएसटीसारख्या बाबतीत रिटर्नच्या तारखेपर्यंत भरलेलं चालतं. या कलमाला ती मुभा नाही.

बी-402: आणि दोन्ही राहिले तर 1 लाख परत नफ्यात. 12 लाख 82,800. सवलतीची हद्द ओलांडली, टॅक्स सेससकट साधारण 75,300. लाखाच्या बिलापायी. पुढच्या वर्षी खर्च मिळेल, पण तेव्हा उत्पन्न आधीच 12 लाखांच्या आत असेल तर त्याचा उपयोग शून्य.

डी-105: समोरचा सूक्ष्म आहे की मध्यम, हे ओळखायचं कसं?

बी-402: उद्यम प्रमाणपत्र मागा. त्यावर प्रकार आणि मुख्य काम लिहिलेलं असतं. मध्यम असेल तर ही अट नाही. नंबर udyamregistration.gov.in वर पडताळून घ्या. सगळ्या पुरवठादारांना आत्ताच एक मेसेज टाका, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोणी फोन उचलत नाही.

ई-203: माझं 44एडीमध्ये आहे, उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने नफा दाखवते. मला हे लागतं का?

सी-704: नाही वहिनी, तिथे खर्चाची वजावट वेगळी मागतच नाही. तुमचं काम एकच, सगळा ॲडव्हान्स टॅक्स एका हप्त्यात 15 मार्चपर्यंत.

ए-301: आणि माझा?

बी-402: हिशेबाने शून्य येत असेल तर भरायचा नाही. 10 हजार किंवा त्याहून जास्त येत असेल तर जून, सप्टेंबर, डिसेंबरचे हप्ते धरून 15 मार्चपर्यंत पूर्ण. यंदा 15 तारीख रविवारी आहे, शुक्रवारी उरका. चुकलंच तर 31 मार्चच्या आत भरा, म्हणजे एप्रिलपासूनचं दरमहा 1 टक्का व्याज वाचेल. बिलांचे पैसे एनईएफटीने 28 मार्चपर्यंत पाठवा आणि यूटीआर जपा. 31ला महावीर जयंती आहे, चेकच्या भरवशावर राहू नका.

सी-704: पोर्टलवर e-Pay Tax मध्ये Advance Tax (100) निवडा आणि असेसमेंट इयर 2026-27. घाईत 2025-26 टिचकलं जातं. तसं झालं तर Challan Correction मधून 7 दिवसांच्या आत दुरुस्त करता येतं, नंतर अधिकाऱ्याकडे अर्ज.

ए-301: शिलाईवाल्याला आजच उद्यम नंबर विचारतो. ताई, माल मोजायचा तक्ता असेल तर टाका इथे.

बी-402: रात्री टाकते.