बायोत कर्सिव्ह अक्षरं: कुठलं जनरेटर चांगलं?

शाईचा_डाग:
मी सुलेखन करते. प्रोफाइलच्या बायोत व्यवसायाचं नाव एका जनरेटरवरून असं करून टाकलंय: 𝓒𝓪𝓵𝓵𝓲𝓰𝓻𝓪𝓹𝓱𝓮𝓻. काल एका दृष्टिहीन फॉलोअरचा निरोप आला, "तुम्ही काय करता ते कळलंच नाही, नुसतं गणित ऐकू आलं." म्हणजे माझा फॉन्ट खराब आहे का? स्क्रीन रीडरला चालेल असा कर्सिव्ह फॉन्ट देणारं जनरेटर कुणी सुचवेल का?

निवांत७७:
फोनमध्ये तो फॉन्ट नसला की असं होतं. माझ्या जुन्या फोनवर अशा बायोच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. समोरच्याला फोन अपडेट करायला सांगा, सुटला प्रश्न.

खिळेजुळारी:
निवांत, चौकोनांचं कारण तुम्ही बरोबर सांगितलंत. पण स्क्रीन रीडर अक्षराचं चित्र बघतच नाही. तो त्यामागचा युनिकोड क्रमांक, म्हणजे प्रत्येक चिन्हाला ठरवून दिलेला आकडा वाचतो, आणि घोळ तिथेच आहे.

शाईचा_डाग, तुम्ही फॉन्ट बदललेलाच नाही, अक्षरंच बदललीत. फॉन्टमध्ये C हा C च राहतो, फक्त त्याचा पोशाख बदलतो. जनरेटर मात्र C काढून त्याच्या जागी तसंच दिसणारं भलतंच चिन्ह ठेवतो. ही चिन्हं 2001 साली युनिकोड 3.1 मध्ये आली ती गणितासाठी, कारण समीकरणात साधा, ठळक आणि लपेटीदार C यांचे अर्थ वेगवेगळे असू शकतात. पायथन असेल तर स्वतःच बघा:

```
import unicodedata as u
s = "𝓒"
print(u.name(s))
print(u.normalize("NFKC", s))
```

पहिल्या ओळीत उत्तर येतं `MATHEMATICAL BOLD SCRIPT CAPITAL C`, दुसऱ्या ओळीत साधा `C`. काही रीडर हे पहिलं नाव जसंच्या तसं म्हणतात. एका अक्षराला पाच शब्द, तुमच्या शब्दात अक्षरं बारा. म्हणजे एका शब्दासाठी साठ शब्द ऐकायचे! म्हणून तसं जनरेटर सुचवता येणार नाही. सगळी हेच करतात.

कानाने_वाचणारा:
मी रोज कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक हे स्क्रीन रीडर वापरतो. साठ शब्द ऐकवणारा रीडर निदान इथे काहीतरी आहे हे तरी सांगतो. काही आवाज ही अक्षरं गपचूप गाळतात. मग बायोत फोन नंबर ऐकू येतो, पण तो कोणाचा, कशासाठी, ते नाही. आपल्याकडून काही सुटलंय याचीही कल्पना येत नाही.

एनव्हीडीएच्या 2024.3 आवृत्तीपासून युनिकोड नॉर्मलायझेशनची सोय आहे. खिळेजुळारींनी दुसऱ्या ओळीत केलं तेच. ती चालू केली की तुमचा शब्द सरळ वाचला जातो.

निवांत७७:
मग झालं की! ज्याने त्याने ती सोय चालू करावी.

कानाने_वाचणारा:
फोनवर एनव्हीडीए नसतो हो. आणि बायो सजवला तुम्ही, सेटिंग शोधायची मी?

खिळेजुळारी:
शिवाय ती सोय सगळ्या सजवलेल्या अक्षरांवर चालत नाही. ठळक, कर्सिव्ह, गोलातली अक्षरं मूळ अक्षरावर परत येतात. पण ᴀ ʙ ᴄ अशी बुटकी कॅपिटल बघितली असतील, ती ध्वनिलेखनाची चिन्हं आहेत. युनिकोडच्या लेखी त्यांचा साध्या A, B, C शी तसा संबंधच नाही, त्यामुळे NFKC त्यांना हातही लावत नाही. दिसायला ती सगळ्यांत सोज्वळ आणि वागायला सगळ्यांत वाईट.

पोळपाट_लाटणं:
माझं जनरेटर बिघडलंय का? "घरगुती लोणची" टाकलं तर तसंच परत येतं. Pickles मात्र मस्त ठळक होतं.

खिळेजुळारी:
बिघडलेलं नाही. गणितासाठी रोमन आणि ग्रीक अक्षरं घेतली, थोडी अरबीही, पण देवनागरीचे ठळक जुळे कुणी बनवलेच नाहीत. त्यामुळे तुमचं मराठी बचावलं. खरा ठळकपणा ॲपनेच द्यावा लागतो. व्हॉट्सॲपच्या संदेशात शब्दाच्या दोन्ही बाजूंना * दिलं की "लोणची"सुद्धा ठळक दिसतं आणि अक्षरं तीच राहतात.

शाईचा_डाग:
बापरे. म्हणजे कुणी साध्या कीबोर्डवरून calligrapher शोधलं तर मी सापडणारच नाही?

खिळेजुळारी:
ॲपवर अवलंबून आहे. काही शोधयंत्रं आधी अक्षरं साधी करून घेतात, काही नाही. दुसऱ्याच्या खात्यावरून शोधून बघा. नाव आणि व्यवसाय साध्या अक्षरांत ठेवा. सुलेखन दाखवायचंच असेल तर स्वतःच्या हातचं लिहून प्रोफाइलचा फोटो करा की! जनरेटरचं वळण कशाला?

शाईचा_डाग:
हे मात्र लागलं. बायो साधा केला. पण शेवटी एक कर्सिव्ह 𝓢 सहीसारखा ठेवला तर?

कानाने_वाचणारा:
एकच आणि शेवटी असेल तर माझी हरकत नाही. बाकीच्यांचं मी कसं सांगू?

निवांत७७:
मला अजूनही वाटतं की हे ॲपवाल्यांनीच सेव्ह करताना साधं करून टाकावं.

खिळेजुळारी:
मग गणिताच्या शिक्षकांची समीकरणंही सपाट होतील. तिथे ठळक आणि साधा यांत खरंच फरक असतो.