मदत हवी आहे: ब्लाऊजपुरतं ठेवलेलं चॅनेलचं नाव आता अपुरं पडतंय

सुईची_नोक

नमस्कार. कराडला माझं शिलाईचं छोटं दुकान आहे. २०२१ च्या दिवाळीनंतर यूट्यूबवर चॅनेल काढलं, नाव ठेवलं 'सोपं ब्लाऊज कटिंग'. तेव्हा डोक्यात ब्लाऊजच होता. कटोरी, प्रिन्सेस कट, अस्तराचा ब्लाऊज, मुंढा किती खोल घ्यायचा, एवढंच. आज ९,२०० सबस्क्रायबर आहेत.

गेल्या वर्षी सहज एक व्हिडिओ टाकला, मशीन टीप का सोडते यावर. एका बाईंनी सुई बदलली होती आणि तिची चपटी बाजू चुकीच्या दिशेला बसवली होती, तेवढंच कारण. मी सुई काढली, फिरवून बसवली आणि चिंधीवर टीप मारून दाखवली. चार मिनिटांचा व्हिडिओ, पण ब्लाऊजच्या कुठल्याही व्हिडिओला आल्या नसतील इतक्या कमेंट त्याला आल्या. फॉल-पिकोचा दर काय लावावा, मुलींच्या फ्रॉकचा घेर कसा काढावा, माप देऊन गेलेली बाई परत आलीच नाही तर कापडाचं काय करावं. आता मला हे सगळं घ्यायचंय. शिवाय नणंदेबरोबर जुन्या टेलरकाकांशी गप्पांचा पॉडकास्टही करायचाय. पण दर वेळी वर पाटी 'ब्लाऊज कटिंग'ची.

सुचलेली नावं: सुईधागा, टीप, टाचण, 'मराठी गृहिणी', किंवा सरळ माझं स्वतःचं नाव. यातलं कुठलं घेऊ? नाव बदललं तर जमवलेले लोक जातात का? आणि जुना हँडल छापलेल्या दुकानाच्या ५०० पिशव्या शिल्लक आहेत, त्यांचं काय करू?

रानवारा

ताई, नावातून 'ब्लाऊज' अजिबात काढू नका. बायका 'ब्लाऊज कटिंग' असंच टाइप करतात, म्हणून तुम्ही त्यांना सापडता. माझ्या भावाच्या मित्राने नाव बदललं आणि त्याची टिक गेली. फार वाईट वाटलं होतं त्याला.

अभय_ध्वनी

रानवारा, टिकेचं तुमचं बरोबर आहे. व्हेरिफाइड चॅनेलचं नाव बदललं की टिक जाते, पुन्हा अर्ज करावा लागतो. पण तो अर्ज १ लाख सबस्क्रायबर झाल्यावरच करता येतो, त्यामुळे ताईंना आज ती अडचण नाही. उलट नाव बदलायचंच असेल तर टिक मिळायच्या आधी बदललेलं बरं. सबस्क्रायबर, व्हिडिओ, व्ह्यूज यातलं काहीही नाव बदलल्याने जात नाही.

शोधाबद्दल अंदाज कशाला, ताईंनी स्वतःचे आकडे बघावेत. यूट्यूब स्टुडिओत Analytics मध्ये Traffic source बघा, त्यात YouTube search उघडा. लोकांनी नेमके कुठले शब्द टाइप केले ते तिथे ओळीने दिसतं. शोधात माणूस येतो तो बहुतेक व्हिडिओच्या शीर्षकावरून. 'कटोरी ब्लाऊज कटिंग' हे शब्द तुमच्या व्हिडिओच्या शीर्षकात आहेतच, ते कुठे जाणार नाहीत. चॅनेलच्या नावाचं काम वेगळं आहे: एकदा आलेल्या बाईला दुसऱ्यांदा ओळख पटणं. ९० दिवसांची यादी काढा आणि त्यात तुमच्या चॅनेलचं नाव कितीदा येतं ते इथे सांगा.

पिशव्यांचं: हँडल बदलला की जुना १४ दिवस तुमच्यासाठी राखून ठेवतात, तेवढे दिवस जुनी लिंकही चालते. नंतर तो मोकळा होतो, कुणीही घेऊ शकतं. म्हणून यापुढे काहीही छापाल ते `youtube.com/channel/UC...` या लांब पत्त्याचा क्यूआर कोड करून छापा. तो पत्ता नाव बदला, हँडल बदला, तसाच राहतो. जुन्या पिशव्यांवर त्याच क्यूआरचा स्टिकर लावा.

प्रभाकरकाका

दुकानाचं नाव बदलताना दोन गोष्टी बघाव्यात. पाटी रस्त्यावरून वाचता आली पाहिजे, आणि शॉप अॅक्टच्या कागदावर तेच नाव हवं. 'लेडीज टेलर्स' हे शब्द ठेवावेत, नवीन गिऱ्हाईक त्यावरूनच पायरी चढतं.

सुईची_नोक

काका, दुकानाची पाटी तीच राहणार आहे, फक्त चॅनेलचं नाव बदलायचंय. पण पाटी लांबून वाचता येण्याचं इथेही लागू पडतं. फोनवर नावाची पहिली दोन-अडीच अक्षरंच नजरेत भरतात.

मीठमिरची

माझा अनुभव सांगते. एप्रिल २०२० मध्ये मी 'लॉकडाऊन किचन' सुरू केलं. दीड वर्षात ते नाव शिळं झालं. लोकांना वाटायचं चॅनेल बंद पडलंय. मग एका रात्री नाव, लोगो, रंग सगळं एकदम बदललं. पुढचे पाच-सहा व्हिडिओ जुन्या बायकांनी उघडलेच नाहीत. कारण नंतर एकीने फोनवर सांगितलं, 'अगं, मला वाटलं हे कुणाचं तरी भलतंच आलंय.' नाव बदलल्याचं मला वाईट वाटत नाही, चित्रही त्याच दिवशी बदललं ते चुकलं. मी पुन्हा जुना पिवळा गोल लावला, त्यात माझा तोच फोटो टाकला, आणि दोन महिन्यांनी हळूहळू बदलला. तुम्ही नाव बदला, पण चेहरा आणि थंबनेलचा रंग तोच ठेवा.

सुईची_नोक

अभयदादा, यादी काढली. निम्म्याहून जास्त बायका शोधातूनच येतात. वरच्या २५ ओळींत 'सोपं ब्लाऊज कटिंग' हे नाव एकदाही नाही. ३४ साइज, बोटनेक, मशीन टीप सोडते, असंच सगळं. आणि खाली एक ओळ दिसली, ती बघून मी थांबलेच: 'कराडच्या ताई ब्लाऊज'. हे नाव मी कुठेही लिहिलेलं नाही. सुरुवातीला फक्त 'मी कराडहून बोलतेय' एवढं म्हणते.

अभय_ध्वनी

मग उत्तर बरंचसं तुमच्याच यादीत आलं. कपडा कुठलाही असो, बायका कुणाकडून शिकायचं ते लक्षात ठेवतात. म्हणजे नाव ब्लाऊजवरून सुटलं तरी चालेल, पण शिवणारीच्या हातातून सुटू नये. 'मराठी गृहिणी' मी म्हणूनच सोडून देईन. त्यात स्वयंपाक, बचत, मुलांचा अभ्यास काहीही बसतं, आणि मशीनवर बसलेल्या बाईला त्यात आपलं असं काही दिसत नाही. नाव पुढच्या दोन-तीन पायऱ्यांपुरतं सैल हवं.

इंग्रजीतला 'द सीन अँड द अनसीन' हा पॉडकास्ट अमित वर्मांनी २०१७ मध्ये सुरू केला. सरकारी धोरणांचे न दिसणारे परिणाम, असे छोटे भाग असायचे. पुढे तो माणसांच्या आयुष्यावरच्या कित्येक तासांच्या गप्पांपर्यंत गेला आणि नाव तेच राहिलं. कारण त्या नावात विषय नव्हता, बघण्याची रीत होती. तुमची रीत कुठली? चिंधीवर आधी करून दाखवणं. ती नावात कशी येईल ते बघा.

एक चाचणी करा. दहा जणींना फोन करा, नाव फक्त तोंडी सांगा आणि ऐकलं तसं इंग्रजी अक्षरांत व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा. दुसरं, येत्या वर्षातल्या दहा व्हिडिओंची शीर्षकं कागदावर लिहा आणि प्रत्येकाच्या वर ते नाव ठेवून मोठ्याने वाचा.

सुईची_नोक

अकरा जणींना विचारलं. 'टीप' हे नाव मला फार आवडलं होतं, मशीनची टीप आणि वहीतली टीप दोन्ही त्यात येतात. पण सात जणींनी `tip` लिहिलं, तिघींनी `teep`, एकीने `tipp`. `tip` शोधलं तर जगभरच्या टिप्स येतात, त्यात मी कुठे सापडणार? 'सुईधागा' शोधलं की २०१८ चा हिंदी चित्रपट आणि त्याची गाणी येतात.

'टाचण'ला आठ जणींनी `tachan` लिहिलं, दोघींनी `taachan`, आणि एकीने विचारलं, 'टाचणी का गं?' तिला म्हटलं, शिवायच्या आधी आपण टाचून घेतो ना, ते. तर ती म्हणाली, आमच्या सरांचं पाठ टाचण असायचं, तसंच की. म्हणजे दोन्ही अर्थ तिने स्वतःच जोडले.

दहा शीर्षकांवरही ठेवून पाहिलं. 'टाचण: फ्रॉकचा घेर', 'टाचण: फॉल-पिकोचे दर', 'टाचण: बॉबिनचा दोरा गुंततो' चांगलं वाटतं. टेलरकाकांच्या गप्पांनाही बसतं. दिवाळीतल्या रांगोळीच्या व्हिडिओला मात्र बसेना. मग तो व्हिडिओ करायलाच नको असं वाटलं.

रानवारा

बरं झालं, आकडे बघून माझा गैरसमज गेला. पण मग 'कराडची ताई' का नको? लोकांनीच दिलेलं नाव आहे.

मीठमिरची

मला तेच वाटतं. आपल्या माणसाचं नाव कायम चालतं.

अभय_ध्वनी

चालेल, पण दोन अडचणी दिसतात. नणंद गप्पा घेणार असेल तर 'ताई' नेमकी कोण? उद्या दुकान तिच्या हाती दिलं, तर चॅनेल देता येईल का? आणि पुढे कधी नावाची नोंदणी करावीशी वाटली, तर मनोरंजन आणि शिक्षणाचा वर्ग ४१ लागतो. तिथे 'ब्लाऊज कटिंग'सारखं कामाचं वर्णन करणारं नाव किंवा नुसतं गावाचं नाव अडतं. 'टाचण' शिवणकामाच्या जवळचं असलं तरी तेवढं थेट वर्णन नाही. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोध फुकट आहे, आधी बघून घ्या. 'कराडच्या ताई' हे शब्द चॅनेलच्या माहितीत पहिल्या ओळीत टाका, म्हणजे तेही हातचं जाणार नाही.

देवनागरी की इंग्रजी अक्षरं, हा घोळ करू नका. स्टुडिओत Customization मध्ये नावाखाली Add language आहे. तिथे दोन्ही भरता येतात, ॲपच्या भाषेप्रमाणे दिसतं. मात्र नाव १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं, म्हणून शुद्धलेखन आधी तपासा.

सुईची_नोक

मग 'टाचण' नक्की. हँडल म्हणून नुसतं `tachan` मिळत नाहीये, `tachan_shivan` मोकळा दिसला, तो आजच घेते. चित्र आणि थंबनेलची हिरवी पट्टी तशीच ठेवणार. पहिले चार व्हिडिओ ब्लाऊजचेच टाकेन, सुरुवातीला एका वाक्यात नाव बदलल्याचं सांगेन.

पॉडकास्टचं अजून ठरत नाहीये. नणंद म्हणते गप्पांना वेगळं नाव हवं, टेलरकाकांना ऐकणारे पुरुषही असतील.

अभय_ध्वनी

पॉडकास्टचं नाव नंतर बदलणं सोपं असतं. श्रोते फीडच्या पत्त्याशी जोडलेले असतात, शीर्षकाशी नाही. पत्ता तोच राहिला तर कुणी तुटत नाही. फक्त शीर्षकात 'शिलाई टेलर मराठी गप्पा' असे शब्द कोंबू नका, ॲपल पॉडकास्ट्स अशा शीर्षकांना नाकारू शकतं. वेगळं नाव की 'टाचण गप्पा', याबद्दल माझंही मत पक्कं नाही. तीन भाग ध्वनिमुद्रित करा, मग काका नक्की कशाबद्दल बोलतात ते ऐकून ठरवा.

प्रभाकरकाका

कराडला मंडईजवळ माझे एक जुने टेलर मित्र आहेत, कोटाचं काम करायचे. गप्पांसाठी हवे असतील तर त्यांना विचारून सांगतो.

सुईची_नोक

काका, नक्की विचारा. त्यांचं जुनं मशीन अजून असेल तर तेही बघायचंय.