शब्द हवा: प्रिसिडन्स म्हणजे प्राधान्य की अग्रक्रम?

खडूफळा: मुलीला स्टॅक शिकवतोय, कंसवालं इनफिक्स पोस्टफिक्समध्ये बदलायचं. प्रिसिडन्सला मी प्राधान्य म्हणालो तर ती म्हणे हे तर शाळेतलं कंचेभागुबेव, म्हणजे भागाकार आधी आणि गुणाकार नंतर. बरोबर का?

कट्टेकरी: बरोबरच आहे की, तोच क्रम. आम्ही तेवढ्यावर दहावी काढली.

उलटाहिशेब: थांबा, तिथेच गोची आहे. कंचेभागुबेवमध्ये बेरीज वजाबाकीच्या आधी येते, तसं धरलं तर 10-4+3 चं उत्तर 3 येईल, खरं उत्तर 9. भागु एका पायरीवर आणि बेव एका पायरीवर, पायरी एकच असेल तर डावीकडून जायचं. म्हणून मला 'अग्रक्रम' खटकतो, त्यात दोघं बरोबरीत असू शकतात असं वाटतच नाही.

हे घ्या, 20-(6-2)*3+1. आकडे थेट खाली लिहीत जायचे आणि चिन्हं स्टॅकवर. 20 लिहिला, वजा ठेवला, त्यावर उघडा कंस, मग 6, मग वजा आलं, ते कंसाच्या डोक्यावर निमूट बसतं, मग 2. बंद कंस आला की उघडा कंस लागेपर्यंत चिन्हं काढून लिहायची आणि दोन्ही कंस फेकून द्यायचे. आता वर जुनं वजा उरलं, गुणिले त्याच्यापेक्षा वरचढ म्हणून त्याच्यावर बसतं, मग 3. अधिक आलं की गुणिले बाहेर आणि बरोबरीचं वजासुद्धा बाहेर, मग अधिक आत, 1 लिहायचा, शेवटी अधिक बाहेर.

```
20 6 2 - 3 * - 1 +
```

उत्तर 9. मुलं बरोबरीचं चिन्ह आतच ठेवतात, मग शेवट `1 + -` असा होतो आणि 7 येतं. 7 आलं की समजायचं इथेच चुकलं.

मृगजळ: पण कंसाचं प्राधान्य सगळ्यात जास्त ना? मग त्याच्यावर वजा बसलंच कसं?

उलटाहिशेब: येताना सगळ्यात वरचा, एकदा आत बसला की सगळ्यात खालचा. प्राधान्य हा शब्द इथे तोकडा पडतो खरा.

शब्दवेडी: पोस्टफिक्सला प्रत्यय चालेल की, घराला-घरात सारखं?

कट्टेकरी: ताई, तो शब्दाला चिकटतो, हे चिन्ह दोन आकड्यांच्या मागून येतं. आपण 'चारात दोन मिळव' म्हणतो ना, क्रियापद शेवटी, ते जास्त जवळचं. आमच्या मामांकडे एचपी 12सी आहे, त्याला बरोबरचं बटणच नाही, 4 मग ENTER मग 2 मग अधिक. लहानपणी मला तो बिघडलेलाच वाटायचा.

खडूफळा: मुलीने सगळं केलं, 9 आलं. मग स्वतःच 2^3^2 घेतलं, बरोबरीचं चिन्ह बाहेर काढलं आणि 64 आलं, वहीत मात्र 512 आहे?

उलटाहिशेब: घातांक उजवीकडून सोडवतात. तिथे बरोबरीचं चिन्ह बाहेर काढायचं नाही, वर ठेवायचं, म्हणजे `2 3 2 ^ ^`. या डावं-उजवं प्रकाराला शब्द सुचवा कोणीतरी, मला अजून सापडला नाहीये.

शब्दवेडी: उजवझुकाव?

कट्टेकरी: हे निवडणुकीचं वाटतंय 😀