Re: हेवी सेटमध्ये रेस्ट किती?

> फॉस्फोक्रिएटिन ३० सेकंदांत भरतं ना, मग तीन-चार मिनिटं बसून कशाला राहायचं?

फॉस्फोक्रिएटिन म्हणजे स्नायूतला झटपट ऊर्जेचा साठा, सेटमध्ये जेवढं रिकामं झालंय त्याच्या साधारण अर्धंच ३० सेकंदांत भरतं हो, पूर्ण नाही. समजा सेट संपताना २० टक्के उरलं, तर अर्ध्या मिनिटाला ६०, मिनिटाला ८०, दोन मिनिटांना ९५ च्या आसपास. पण हा हिशोब कागदावरचा, तीन-चार रेप्सच्या सेटला बऱ्यापैकी लागू पडतो. सेट लांबला, फेल्युअरपर्यंत गेलात की स्नायूत आम्लता वाढते आणि शेवटचा भाग भरायला कितीतरी जास्त वेळ लागतो. शिवाय हे भरणं ऑक्सिजनवर चालतं, सेटनंतर पट्टा आवळून रक्तपुरवठा बंद केला तर भरणं जवळजवळ थांबतंच, हे प्रयोगात दिसलंय. म्हणून ज्याचा दम कच्चा त्याला रेस्ट जास्त लागते.

माझंच सांगतो, रत्नागिरीत आमची जिम पत्र्याची, मे महिन्यात आत भट्टी. १०० किलोचं स्क्वॉट, पाच रेप्स, दीड मिनिट रेस्ट ठेवली तर ५, ४, ३ असं घसरायचं, आणि गंमत म्हणजे पहिले दोन रेप्स झकास, तिसऱ्याला एकदम ब्रेक लागल्यासारखं, मला वाटायचं वजनच जास्त झालं. वजन तेच ठेवून तीन मिनिटं घेतली, ५, ५, ५ निघाले. बायसेप्स कर्लला मात्र एवढं थांबत नाही मी, तिथे दीड मिनिट पुरतं.