मदत हवी आहे: आयोजकांच्या तक्त्यात नेट रन रेट उणे ०.२०८, आमच्या हिशेबात उणे ०.०५०

मिडविकेट
नमस्कार मंडळी. २० षटकांच्या स्पर्धेत आमचे तीनही साखळी सामने झाले. चौथ्या जागेसाठी आमचे आणि अजून एका संघाचे गुण सारखे आहेत. त्यांचा नेट रन रेट उणे ०.१४०. आयोजकांनी आमचा उणे ०.२०८ लावलाय, म्हणजे आम्ही बाहेर. मी शीटवर काढतो तेव्हा उणे ०.०५० येतो, म्हणजे आम्ही आत. पोरांनी जीव तोडून खेळलंय, म्हणून खात्री करायची आहे.

पहिला सामना: आम्ही २० षटकांत १५६, ते १७.२ षटकांत सर्वबाद १३१.
दुसरा: ते २० षटकांत १४२, आम्ही १८.४ षटकांत ४ बाद १४३.
तिसरा: ते २० षटकांत १६८, आमचा डाव १६.३ षटकांत १२० वर आटोपला.

आमच्या ४१९ धावांना ५४.७ ने भागलं, त्यांच्या ४४१ ला ५७.२ ने, आणि वजाबाकी केली.

अजून एक. दुसऱ्या सामन्यात सलामीवीराचे ३१ चेंडूंत ४७ लिहिलेत, स्ट्राइक रेट १५१.६१. तो म्हणतो माझे चेंडू जास्त धरलेत. हे कार्डावरून तपासता येतं का?

रिव्हर्सस्वीप
चूक समोरच दिसतेय. १८.४ म्हणजे अठरा पूर्णांक चार दशांश नव्हे, अठरा षटकं आणि चार चेंडू. षटक सहा चेंडूंचं, त्यामुळे भागताना १८.६६७ घ्यायचं. १६.३ चं १६.५ आणि १७.२ चं १७.३३३. असं केलं की तुमचा रन रेट ७.५९५, त्यांचा ७.६९२, फरक उणे ०.०९७. तरीही तुम्ही पुढेच! तक्ता चुकलाय, आजच तक्रार द्या.

वहीवाला
थांबा, तक्रार देऊ नका. रिव्हर्सस्वीप यांनी चेंडूंचं बरोबर सांगितलं, पण अर्धंच. संघ सर्वबाद झाला तर नेट रन रेटसाठी त्याची षटकं पूर्ण कोट्याची धरतात, मग तो कितव्याही षटकात गुंडाळला गेलेला असो. नाहीतर १० षटकांत ९० वर सर्वबाद होणाऱ्या संघाचा रन रेट ९ दिसेल आणि २० षटकं टिकून १५० करणाऱ्याचा ७.५. गडी गमावल्याचं बक्षीस मिळाल्यासारखं होईल ते.

म्हणून पहिल्या सामन्यात त्यांची १७.२ नाही, २० धरायची. तिसऱ्यात तुमची १६.३ नाही, २०. दुसऱ्यात मात्र तुम्ही जिंकून थांबलात, सर्वबाद नव्हतात, तिथे खरे खेळलेले ११२ चेंडूच. मी नेहमी चेंडूंत मोजतो, दशांशाची भानगडच राहत नाही. तुमचे १२० + ११२ + १२० = ३५२ चेंडू. ४१९ भागिले ३५२ गुणिले ६ म्हणजे ७.१४२. त्यांच्या ४४१ धावा ६० षटकांत, ७.३५०. फरक उणे ०.२०८. आयोजकांचा आकडा बरोबर आहे.

मोठं उदाहरण हवं असेल तर २०१९ चा विश्वचषक बघा. पाकिस्तान वेस्ट इंडिजसमोर २१.४ षटकांत १०५ वर सर्वबाद. प्रत्यक्षात षटकामागे पाचच्या आसपास वेग होता, पण हिशेबात ५० षटकं धरली गेली आणि तो २.१० झाला. वेस्ट इंडिजने १३.४ षटकांत १०८ केल्या, म्हणजे ७.९०. त्या एका सामन्याचा खड्डा शेवटपर्यंत भरला नाही. न्यूझीलंड आणि पाकिस्तान दोघांचे ११ गुण, पण नेट रन रेटवर न्यूझीलंड उपांत्य फेरीत.

शीटमध्ये षटकं १८.४ अशीच टाकायची असतील तर चेंडू असे काढा:

```
=INT(B2)*6+ROUND((B2-INT(B2))*10,0)
```

ROUND काढू नका. १८.४ मधून १८ वजा केल्यावर संगणकाकडे ०.४ पेक्षा किंचित कमी उरतं. तिथे नुसतं INT लावलं तर ४ चे ३ होऊ शकतात आणि एक चेंडू गायब होतो.

पावसाळीहंगाम
आमचंही असंच अडलंय. आम्ही २० षटकांत १५०, मग पाऊस, त्यांना १२ षटकांत ९२ चं लक्ष्य. आमचे १५० भागिले २० धरायचे ना?

वहीवाला
नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या पद्धतीने तुमच्या नावावर लक्ष्यापेक्षा एक कमी, म्हणजे ९१ धावा १२ षटकांत धरतील. तुमच्या स्पर्धेने तोच नियम घेतलाय का ते बघून घ्या. मिडविकेट यांच्या सामन्यांत पाऊस नव्हता, त्यामुळे इथे तो प्रश्न नाही.

आता स्ट्राइक रेट. मिडविकेट, दुसऱ्या डावात सगळ्या फलंदाजांच्या चेंडूंची बेरीज किती येते? आणि अवांतर किती?

मिडविकेट
३१, ३६, २२, ११, १२, ४. बेरीज ११६. अवांतर ९: वाइड ५, नो-बॉल २, लेगबाय २. फलंदाजांच्या धावा १३४, म्हणजे एकूण १४३ जुळतात.

वहीवाला
धावा जुळल्या म्हणून चेंडू जुळतातच असं नाही. वाइड फलंदाजाच्या खात्यात चेंडू म्हणून मोजत नाहीत. नो-बॉल मोजतात, पण षटकात तो धरत नाहीत. त्यामुळे फलंदाजांच्या चेंडूंची बेरीज म्हणजे षटकांतले चेंडू अधिक नो-बॉल. तुमच्याकडे ११२ अधिक २, म्हणजे ११४ यायला हवेत. ११६ आहेत, तर दोन वाइड कोणाच्या तरी खात्यात चेंडू म्हणून गेलेत असं दिसतं. बेरीज ११४ पेक्षा कमी आली असती तर नो-बॉल मोजायचे राहिलेत असा संशय घेतला असता.

अवांतरातल्या वाइडच्या ५ धावा म्हणजे पाच वाइड असंही धरू नका. एक वाइड सीमापार गेला तरी पाचच होतात. नो-बॉलच्या रकान्यावर मात्र आता भरवसा ठेवता येतो, कारण २०१७ च्या नियमांपासून त्यावर पळून काढलेले बाय वेगळे लिहितात.

पण ते दोन चेंडू कोणाचे, हे कार्ड सांगणार नाही. गुणवहीत फलंदाजाच्या ओळीत वाइडची खूणही असते. बेरीज करताना ती चेंडू म्हणून मोजली जाते, बहुतेक वेळा घोळ तिथेच होतो. प्रत्येक फलंदाजाची ओळ गोलंदाजाच्या षटकाशी ताडून बघा.

मिडविकेट
खूप आभार, काका. एक शंका मात्र राहतेच. तिसऱ्या सामन्यात आमचे नऊच गडी बाद झाले, अकरावा खेळाडू जखमी होता म्हणून उतरला नाही. मग तो सर्वबाद कसा?

रिव्हर्सस्वीप
मग सर्वबाद नाही! १६.३ धरा, नेट रन रेट अधिक ०.२४५ होतो.

वहीवाला
माझ्या मते डाव संपला म्हणजे सर्वबादच. उतरायला फलंदाज नसला म्हणून षटकं कमी धरली तर जखमी खेळाडू असणं फायद्याचं ठरेल. पण तुमच्या नियमपत्रात काय शब्द आहेत ते मी पाहिलेले नाहीत.

मिडविकेट
नियमपत्रात फक्त 'सर्वबाद' एवढंच लिहिलंय. आयोजकांना लेखी विचारलं आहे. आणि वही ताडली: सलामीवीराच्या ओळीत एक वाइड चेंडू म्हणून मोजलेला सापडला, त्यामुळे त्याचे ३० चेंडूंत ४७, स्ट्राइक रेट १५६.६७. दुसरा जास्तीचा चेंडू अजून कोणाच्याच ओळीत सापडत नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या फलंदाजाची दोन षटकं वहीत पुसट आहेत, ती समोरच्या संघाच्या वहीशी ताडून बघतो.