सर्किटचा पट्टा आणि निगराणीची यादी: छोट्या शेअरवाल्याचं संरक्षण की कोंडी?

गुहागरकर: मेव्हण्याने मुंबईहून एक शेअर सुचवलाय. भाव नऊ रुपये, रोज पाच टक्क्यांचं अप्पर सर्किट, म्हणजे दिवसाची वरची मर्यादा गाठतोच. गेले काही दिवस ऑर्डर टाकतोय, मिळतच नाही. वर ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये इशारा येतो, शेअर एएसएम या निगराणीच्या यादीत आहे, शंभर टक्के मार्जिन, म्हणजे सगळे पैसे आधीच लागतील. माझं मत असं की दिवसात भाव किती टक्के हलू शकतो ते बांधणारे हे पट्टे आणि या याद्या म्हणजे छोट्या कंपनीचा गळा दाबणं आहे. मोठ्या शेअरना पट्टा नाही, आम्हालाच का? पटत नसेल त्यांनी कारण सांगा.

खाडीपट्टा: शंभर टक्के सहमत. कुणीतरी मुद्दाम भाव चढवतोय म्हणून लोक उगाच 'ऑपरेटर, ऑपरेटर' करतात. एक साधी गोष्ट बघा, अशा शेअरमध्ये डिलिव्हरी 100 टक्के असते. ऑपरेटर असता तर सकाळी घेऊन दुपारी विकला असता. इथे जो घेतो तो घरी नेतो, म्हणजे खरी खरेदी आहे. यादीत टाकून एक्स्चेंज चांगल्या शेअरला बदनाम करतं.

रत्नागिरीचा जुना सब-ब्रोकर: खाडीपट्टा, डिलिव्हरीवरून काही सिद्ध होत नाही, उलट तिथेच लोक फसतात. हे शेअर ट्रेड टू ट्रेडमध्ये असतात, एनएसईवर सिरीज `BE`, बीएसईवर गट `T`. तिथे त्याच दिवशी घेऊन-विकून सौदा मिटवताच येत नाही, प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी सक्तीची. मग आकडा 100 सोडून दुसरा येणार कुठून? आणि ऑपरेटरला डिलिव्हरीचं वावडं असायचं कारण नाही. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात शेअर गेले, दोन्ही खाती त्याचीच. दुसऱ्या दिवशी सेटलमेंट झालं की तेच शेअर पुढच्या खात्यात. खर्च काय तो ब्रोकरेज आणि कराचा.

गुहागरकर, तुमच्या प्रश्नावर. मोठ्या शेअरना पट्टा नाही हे अर्धंच खरं. ज्यांत वायदे चालतात त्यांना कायमचा पट्टा नाही, पण 10 टक्क्यांवर तिथेही थांबा असतो आणि मग मर्यादा सरकते. बाकी सगळ्यांना 2, 5, 10 किंवा 20 टक्क्यांचा पट्टा आहेच. प्रश्न पट्ट्याचा नाही, शेअर किती हात बदलतो याचा आहे. एक उदाहरण मांडतो, आकडे समजण्यापुरते.

समजा कंपनीचे एक कोटी शेअर, भाव 4 रुपये. प्रवर्तकांकडे 60 लाख. उरलेल्या 40 लाखांतले 34 लाख एका टोळीने वेगवेगळ्या नावांच्या खात्यांत गोळा केलेत. राहिले 6 लाख. त्यातले कितीतरी जुन्या लोकांकडे, कुणाचा कागदी दाखला पेटीत पडलेला, कुणी वारलेला आणि वारसांना पत्ताच नाही. म्हणजे बाजारात रोज विकायला येणारे शेअर काहीशे. आता टोळीने रोज अप्पर सर्किटच्या भावाला फक्त 200 शेअरचा सौदा केला, विकणाराही आपलाच, तरी त्या दिवसाचा बंद भाव पाच टक्के वर. पहिल्या दिवसाची उलाढाल 840 रुपये! अशी 30 सत्रं चालवली की भाव 17 च्या पुढे जातो. दीड महिन्यातली सगळी खरेदी मिळून 56 हजारांच्या आसपास, आणि तेही पैसे फिरून घरीच. कंपनीचं बाजारमूल्य मात्र 4 कोटींवरून 17 कोटी. कारखान्यात एक बोल्टसुद्धा जास्त बसलेला नाही.

मोठ्या शेअरमध्ये हे जमत नाही, कारण तिथे भाव पाच टक्के वर ढकलायला समोर उभ्या असलेल्या सगळ्या विक्रेत्यांचा माल उचलावा लागतो, आणि त्याला कोट्यवधी लागतात. इथे विक्रेता उभाच नाही.

मालवणचो झील: गजाली नकोत, माझी केस ऐका. असाच एक शेअर घेतलेला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची टिप. वर गेला तेव्हा खूश. मग एके सकाळी लोअर सर्किट. विकायला टाकला, घेणारा कोणीच नाही. दुसऱ्या दिवशी परत. सकाळी लवकर उठून ऑर्डर टाकली तरी माझ्या पुढे लाखो शेअर रांगेत. पट्टा नसता तर पहिल्याच दिवशी निम्म्या भावाला तरी सुटलो असतो. माका तर वाटता, ह्यो पट्टोच खरो चोर!

चिपळूणची स्मिता: झील यांच्या मुद्द्यात दम आहे, हसण्यावारी नेऊ नका. पट्टा भावाला धीमं करतो, पण भाव चुकीचा असेल तर तो चुकीचाच टिकवूनही ठेवतो. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स आठवतंय? एशियन पेंट्सचे शेअर बाळगणारी कंपनी, प्रत्येक शेअरमागे मालमत्ता काही लाखांची, आणि बीएसईवर भाव 3 रुपये 53 पैसे. त्या भावाला कोण वेडा विकेल? विक्रेता नाही म्हणून सौदा नाही, सौदा नाही म्हणून भाव तिथेच. शेवटी सेबीने अशा होल्डिंग कंपन्यांसाठी पट्टा काढून खास लिलाव ठेवला. 29 ऑक्टोबर 2024 ला भाव 2 लाख 25 हजारांवर उघडला आणि 2 लाख 36 हजार 250 वर बंद झाला. एका दिवसात. तेव्हा पट्टा म्हणजे संरक्षण, हे मला सरसकट मान्य नाही.

आंबा-काजू: मध्येच विचारतो, रागावू नका. मला आयपीओत शेअर लागले आणि ते पहिल्याच दिवसापासून `T` गटात दिसतायत. म्हणजे माझी कंपनी चोर आहे का? विकून टाकू?

रत्नागिरीचा जुना सब-ब्रोकर: आंबा-काजू, नाही हो. 250 कोटींपर्यंतचा इश्यू असेल तर पहिले दहा दिवस शेअर ट्रेड टू ट्रेडमध्येच असतो, तो नियमच आहे. एएसएमबद्दलही एक्स्चेंज स्वतः म्हणतं की यादीत येणं म्हणजे कंपनीवर कारवाई नव्हे. भाव किती हलला, उलाढाल किती वाढली, ठरावीक थोड्याच ग्राहकांच्या हातात ती एकवटली आहे का, अशा निकषांवर नाव येतं. यादी म्हणजे निकाल नाही, पण कारणाशिवायही ती लागत नाही.

स्मिता, एल्सिडचं बरोबर. पण ती उलटी केस आहे, तिथे मालमत्ता खरी होती आणि भाव खोटा कमी. गुहागरकरांच्या शेअरमध्ये नेमकं उलट असण्याची शक्यता जास्त. आणि झील, पट्टा नसता तर पहिल्या दिवशी निम्म्याला सुटला असता असं तुला वाटतं, पण घेणारा होता कोण? टोळीचा माल विकून झालेला, तिने हात काढला. निम्म्याला नाही, दहाव्या भागालाही कोणी उभं राहिलं असतं याची खात्री नाही. मात्र एक कबूल. लोअर सर्किटला सगळ्यांचा भाव एकच, म्हणून ज्याची ऑर्डर आधी त्याचा नंबर आधी, आणि त्या रांगेत छोटा माणूस मागेच राहतो. 17 चा शेअर रोज पाच टक्क्यांनी पाच सत्रांत 13 च्या आसपास येतो आणि आपण ते नुसतं बघत बसतो.

खाडीपट्टा: बरं, डिलिव्हरीचं मानलं. पण मग याद्यांनी थांबतं काय? तुमच्याच हिशोबाने टोळी सुखात आहे.

रत्नागिरीचा जुना सब-ब्रोकर: थांबत नाही, लांबतं. पट्टा 5 चा 2 झाला की 4 वरून 17 ला जायला 30 ऐवजी सत्तरच्या वर सत्रं लागतात. तेवढा काळ खाती सांभाळायची, पैसा अडकवायचा आणि एक्स्चेंजच्या नजरेत राहायचं. जून 2023 मध्ये 500 कोटींखालच्या बाजारमूल्याच्या कंपन्यांसाठी ईएसएम ही आणखी कडक निगराणी आली, त्याच्या दुसऱ्या टप्प्यात तर सततचे सौदे बंद करून ठरावीक वेळच्या लिलावातच शेअर विकावा लागतो. माझ्या मते पातळ शेअरना हाच मार्ग बरा, सगळे खरेदीदार-विक्रेते एका वेळी समोर येतात. नुसता पट्टा अरुंद करणं ऑपरेटरच्या फायद्याचंही ठरतं, कारण 'रोज सर्किट' ही जाहिरात अधिक दिवस चालते.

चिपळूणची स्मिता: लिलावाला सहाच माणसं आली तर ती सहाच राहणार ना? त्यातली चार टोळीची असतील. मला नाही पटत.

रत्नागिरीचा जुना सब-ब्रोकर: असू शकतं. यावर आपलं जमणार नाही.

पण गुहागरकर, तुम्हाला शेअर 'मिळत नाही' त्याबद्दल. अप्पर सर्किटला तुमच्या पुढे जी लाखोंची खरेदीची ऑर्डर दिसते, ती बहुधा टोळीचीच असते. रांगेत पुढे ती असल्याने जो थोडा माल येतो तो तिलाच मिळतो, आणि बाहेरच्यांना वाटतं केवढी मागणी आहे! विकायची वेळ आली की ती ऑर्डर रद्द होते, मागचे तुमच्यासारखे आपोआप पुढे येतात आणि टोळी त्यांच्यावर माल ओतते. रोज न मिळणारा शेअर एके दिवशी मागितला तेवढा, झटकन मिळाला, तर आनंद मानू नका. तेव्हाच उलाढाल अचानक कितीतरी पट झालेली दिसेल. साधारण त्याच सुमारास युट्यूबवर किंवा टेलिग्रामवर 'लक्ष्य शंभर रुपये' सुरू होतं. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरमध्ये जुलै 2022 मध्ये युट्यूबवरच्या खोट्या व्हिडिओंनी असंच झाल्याचं सेबीने मार्च 2023 च्या अंतरिम आदेशात मांडलं.

एक गोष्ट घरबसल्या बघता येते. एक्स्चेंजच्या साइटवर कंपनीचा तिमाही भागधारणेचा तक्ता असतो. त्यात दोन लाखांपर्यंत दर्शनी भांडवल असलेले छोटे लोक आणि त्यावरचे मोठे लोक वेगळे दाखवतात. भाव चढत असताना छोट्यांची संख्या फुगली आणि मोठ्यांचा हिस्सा घटला, तर माल कुणाकडून कुणाकडे गेला ते दिसतं.

मालवणचो झील: आमच्या बाजारपेठेत एक जण पोरांना म्हणतो, तुझ्या नावाने डीमॅट उघडून दे, ओटीपी माझ्याकडे, महिन्याला थोडे पैसे देतो. हा तोच प्रकार का?

रत्नागिरीचा जुना सब-ब्रोकर: तोच वाटतो. नोटीस ज्याच्या पॅनवर सौदे झाले त्याला येते, ओटीपी कुणी घेतला हे नंतर त्यानेच सिद्ध करायचं.

गुहागरकर: तक्ता पाहिला. मार्चला छोटे भागधारक चारशेच्या आसपास होते, जूनला साडेतीन हजार. पण मोठ्यांचा हिस्सा फारसा घटलेला नाही. म्हणजे टोळी असलीच तरी अजून विकलेलं नाही, थोडं वर जाईल ना? मेव्हणा पण तेच म्हणतो. आणि हो, आज सकाळी ऑर्डर पूर्ण लागली, पाच हजार शेअर.

रत्नागिरीचा जुना सब-ब्रोकर: अहो, तो तक्ता 30 जूनचा आहे. आज ऑगस्ट संपत आला. आजची उलाढाल किती झाली ते आधी बघा.