बेस पीकला ‘मूळ शिखर’ म्हटलं तर काय बिघडलं? (८४ की १६२)

शहापूरची वहिनी: मंडळी एक अडचण आहे. माझी पुतणी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता कॉलेजात सगळं इंग्रजीत आणि स्टँडवर उतरलं की कन्नड, म्हणून घरी मी तिला मराठीत नोट्स काढून देते, माझी केमिस्ट्री सुटून बावीस वर्षं झाली तरी. मास स्पेक्ट्रमच्या धड्यात, म्हणजे रेणू फोडून तुकड्यांच्या वजनाप्रमाणं रेघा काढतात त्यात, सगळ्यात उंच रेघेला, बेस पीकला, मी ‘मूळ शिखर’ लिहिलं. परवा सरांनी निकोटीनचा स्पेक्ट्रम नाव न सांगता दिला आणि रेणुवस्तुमान काढायला सांगितलं. हिने ८४ लिहिलं, त्यावर लाल फुली आणि शेजारी १६२. आता मलाच विचारते, काकू तूच मूळ लिहिलंयस, मूळ म्हणजे फुटायच्या आधीचा अख्खा रेणूच ना? कागदावर ८४ ची रेघ पार छताला टेकलेली आणि १६२ ची बिचारी तिच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी. शब्द चुकला की पोरगी?

खानापूरचे गुरुजी: शब्द चुकला. मूळ म्हणजे उगम. आधारशिखर लिहा, सोपं आहे आणि आपलं आहे. मास स्पेक्ट्रमला वस्तुमान वर्णपट म्हणतात हेही मला पटत नाही, त्यात वर्ण कुठं आहे? वस्तुमानपट म्हणा.

निखिल_एलसी: गुरुजी आधार म्हटलं की पोरांना पाया वाटणार आणि पाया म्हणजे खालची बारकी रेघ 😀 आम्ही लॅबमध्ये बेस पीकच म्हणतो, कुणी मरत नाही. आणि वहिनी, मॉलिक्युलर आयन, म्हणजे अख्ख्या रेणूची रेघ, ओळखायला एवढं काही नसतंय, सगळ्यात उजवीकडची रेघ घ्यायची, झालं. फक्त निकोटीनला आमच्याकडं १६२ नाही, १६३ येतो. तुमच्या सरांचं एकदा बघा.

वखारवाली (निपाणी): बेस पीक?? आमच्याकडं पीक म्हटलं की तंबाखूच आठवते गा. आमचं आजोळ वखारीला लागून, आजी दिवसभर बिड्या वळायची, सुट्टीत आम्ही पोरं तिच्याजवळ बसून पानं कापायचो. संध्याकाळी हात धुवून भाकरी खाल्ली तरी बोटांना कडू लागायचं. त्या कडूपणाचं वजन १६२ हे आज कळ्ळं.

दादासाहेब चिकोडी: सगळे भलतीकडं चाललाय. बेस म्हणजे आम्लारी. निकोटीन आम्लारीच आहे, म्हणून तर तंबाखू मळताना चुना लावतात, चुन्यानं ते मोकळं होतं. तेव्हा आम्लारी शिखर लिहा.

सीमा (जीसी-एमएस): दादासाहेब, चुन्याचं बरोबर आहे पण ह्या बेसचा त्या बेसशी संबंध नाही. सगळ्यात उंच रेघ १०० धरायची आणि बाकीच्या तिच्या मापात मोजायच्या, म्हणून ती बेस. म्हणजे ती मापाची पायली आहे, धान्याची रास नाही. उंच कोण हे कोण जास्त टिकतं त्यावर ठरतं, अख्खा रेणू कोणता ह्यावर नाही. वहिनी, पुतणीची चूक अगदी स्वाभाविक आहे, तुमच्या ‘मूळ’ने तिला बरोब्बर खड्ड्यात घातलं.

निखिल, तुमचं १६३ पण खरं आणि सरांचं १६२ पण खरं. तुमच्या मशीनमध्ये रेणूला वरून एक प्रोटॉन चिकटतो. सरांचा कागद इलेक्ट्रॉनच्या माऱ्याचा असणार, ७० इलेक्ट्रॉन व्होल्टचा, तिथं चिकटत काही नाही, उलट रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडतो आणि वजन आहे तेवढंच राहतं. तुमच्या १६३ ला मॉलिक्युलर आयन म्हणणं ही बोलायची सवय झाली.

निखिल_एलसी: सवय तर सवय, रिपोर्टात आम्ही तेच लिहितो. १६३ वरून १३० आणि ८४ बघतो. बघा, ८४ आमच्याकडं पण आहे!

सीमा (जीसी-एमएस): असणारच, तो तुकडा चिवट आहे. पण ‘सगळ्यात उजवीकडची रेघ’ हे मात्र पोरीला शिकवू नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका नमुन्याचं वजन २०७ म्हणून लिहून दिलं होतं. सगळ्यात उजवीकडं होती ना रेघ! साहेबांनी मला काही न बोलता रिकाम्या जागेवर, म्हणजे जिथं कुठलाच पदार्थ बाहेर येत नव्हता तिथं, क्लिक करायला लावलं. तिथं पण २०७, शेजारी २८१. यंत्रातल्या कॉलमच्या नळीच्या आतलं सिलिकोन तापून झिरपतं त्याच्या रेघा त्या. तेव्हापासून आधी मागची पार्श्वभूमी वजा करते, मगच उजवीकडं बघते.

शहापूरची वहिनी: पण ताई, नाव माहीत नसताना १६२ हाच अख्खा रेणू हे पोरीनं ओळखायचं कसं? सर म्हणाले ‘दिसतंय की’. तिला दिसत नाही.

सीमा (जीसी-एमएस): तिला सांगा, १६२ धरून खाली उतरत ये आणि प्रत्येक पायरीला काय गळलं ते विचार. १६२ वरून १६१, एक हायड्रोजन गेला, चालतं. १६२ वरून १३३, २९ गेले, चालतं. १६२ वरून ८४, ७८ गेले, हे पण चालतं, पुढं सांगते. मधे कुठं ५ किंवा १० चा फरक पडला असता तर शंका घ्यायची, कारण रेणूतून एका झटक्यात तेवढ्या वजनाचं काही गळेल असा तुकडाच बनत नाही. आता ८४ अख्खा रेणू धरून बघ म्हणावं. मग १३३ आणि १६२ आले कुठून? फुटलेला तुकडा अख्ख्यापेक्षा जड कसा?

दुसरं, १६२ च्या उजवीकडं १६३ ची बारीक रेघ दिसेल. तो वेगळा पदार्थ नाही, निखिलचा प्रोटॉन पण नाही. निसर्गात शंभरात एखादा कार्बन १३ वजनाचा असतो. इथं कार्बन दहा, म्हणून १६३ ही १६२ च्या साधारण अकरा टक्के. १६२ ची उंची १८ असेल तर १६३ ची २ च्या आसपास. एवढ्या बारक्या रेघेत गोंगाट पण असतो, तेव्हा त्यावरून नऊ कार्बन की दहा असं छातीठोक सांगता येत नाही, पण पाच नाहीत एवढं कळतं.

खानापूरचे गुरुजी: छान समजावलंत. पण ‘रेणू आयन’ की ‘रेणवीय आयन’? मी रेणवीय म्हणेन. कोश बघून उद्या सांगतो.

वखारवाली (निपाणी): रेणवीय?? गुरुजी, आमच्या गल्लीत हे बोललं तर लोक विचारतील कुठल्या देवाचं नाव. अख्खा आयन म्हणा की.

रेघोट्या: वर्णपटावरून मी गुरुजींच्या विरोधात. ॲस्टननं १९१९ साली यंत्र बांधलं तेव्हा वजनाप्रमाणं आयन फोटोच्या काचेवर पडायचे आणि खरंच प्रकाशाच्या वर्णपटासारख्या रेघा उमटायच्या. १९२२ चं नोबेल त्याला. म्हणजे स्पेक्ट्रम नाव डोळ्यांनी बघून पडलंय. ‘पट’ राहिला तर ‘वर्ण’ पण राहू दे, पाहुणा म्हणून.

खानापूरचे गुरुजी: काच काळी-पांढरी होती ना? मग वर्ण कसला?

शहापूरची वहिनी: अहो थांबा, ताईंनी ८४ चं पुढं सांगते म्हटलं होतं.

सीमा (जीसी-एमएस): हां. निकोटीनमध्ये दोन कडी आहेत, C10H14N2, एक पिरिडीनचं सहा जणांचं आणि एक पाच जणांचं ज्याच्या नायट्रोजनवर मिथाइल बसलंय. दोघांना जोडणारा एकच बंध. इलेक्ट्रॉन उडतो तो बहुतेक त्या पाच जणांच्या नायट्रोजनचा. त्याला उणीव झाली की शेजारचा कार्बन मदतीला येतो आणि त्या कार्बनचा पलीकडचा बंध, म्हणजे नेमका दोन कड्यांमधला, तुटतो. पिरिडीनचा ७८ चा तुकडा भाराशिवाय निघून जातो. भार नाही म्हणजे डिटेक्टरला तो दिसतच नाही. राहिला ८४, C5H10N, त्यात कार्बन आणि नायट्रोजनमध्ये दुहेरी बंध, भार नायट्रोजननं सांभाळलेला. आरामात बसलाय म्हणून तो फुटत नाही आणि म्हणून तो उंच. १६१ पण त्याच जागेचा, फक्त पिरिडीनऐवजी त्या कार्बनवरचा हायड्रोजन गेला.

आणि ८४ सम आहे हे पोरीला दाखवा. नायट्रोजन नसेल तर एक बंध तुटून झालेला तुकडा विषम येतो, ४३, ५७, ९१ असले. इथं सम आला म्हणजे तुकड्यात एक नायट्रोजन गेलाय. अख्खा १६२ पण सम, त्यात दोन नायट्रोजन. आकड्यानं एवढं बोलायला लागलं की नाव नसलं तरी चालतं.

निखिल_एलसी: हे भारी. पण १३३ चं काय? २९ म्हणजे इथाइल गेलं, सोप्पं.

सीमा (जीसी-एमएस): एवढं सोप्पं नाही. C2H5 पण २९ आणि CH3N पण २९. पाच जणांचं कडं उघडून दोन्ही बाहेर पडू शकतात असं कागदावर काढता येतं. आपल्या साध्या क्वाड्रुपोल यंत्राला पूर्ण आकडाच कळतो. २९.०३९ गेले की २९.०२७ हे अचूक वजनाच्या यंत्रावरच दिसेल. पुतणीनं परीक्षेत दोन्ही शक्यता लिहाव्यात आणि तिथं थांबावं. सर एकच मागत असतील तर विचारून घ्या.

रेघोट्या: तुकडा शब्द पण मला मिळमिळीत वाटतो. फ्रॅगमेंटला ठिकरी म्हणा. मडकं फुटलं की ठिकऱ्या, आणि दोन ठिकऱ्या जुळवून मडक्याचा आकार कळतो.

वखारवाली (निपाणी): ठिकरी लहान असते. ८४ तर अर्ध्याहून जास्त मडकं हाय. त्याला खापर म्हणा.

खानापूरचे गुरुजी: खापर फोडणे हा वाक्प्रचार आहे, विद्यार्थी गोंधळतील. खंड.

निखिल_एलसी: खंड म्हटलं की आशिया खंड. फ्रॅगमेंट लिहा, पेपर इंग्रजीत हाय.

शहापूरची वहिनी: पेपर इंग्रजीत आहे पण रडणं मराठीत आहे हो. मी ‘मूळ शिखर’ खोडून सध्या ‘मापाचं शिखर (१००)’ लिहिलंय, आणि १६२ समोर ‘अख्खा’. पुतणी म्हणते ‘अख्खा’ लक्षात राहतं, ‘मापाचं’ नाही. गुरुजी, कोशाचं काय झालं?

खानापूरचे गुरुजी: कोश मुलाकडे बेळगावात राहिलाय. रविवारी येतो तेव्हा बघतो.

दादासाहेब चिकोडी: सीमाताई, तुम्हीच म्हणालात की ८४ मध्ये भार नायट्रोजननं सांभाळलाय, आणि तो पाच जणांचा नायट्रोजन म्हणजे दोघांतला जास्त आम्लारीधर्मी. मग आम्लारी शिखर म्हणायला हरकत काय आहे?